तळाला लागलेलं दूध

फोन आला, गॅस मोठाच राहिला आणि दूध तळाला लागलं. दुधातली प्रथिनं तापलेल्या तळाला चिकटतात, त्यांच्यासोबत दुधातली साखरही करपते आणि काळपट पापुद्रा घट्ट बसतो. अशा वेळी आपला हात पहिल्यांदा तारेच्या घासणीकडे जातो. तिने स्टीलवर चरे पडतात आणि पुढच्या वेळी दूध त्याच चऱ्यांना धरतं.

आधी वरचं दूध न ढवळता दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. पातेलं आपोआप निवू द्या. तापलेल्या तळावर गार पाणी ओतलं तर तळ वाकडा होऊ शकतो. मग करपलेला थर बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी घाला. दोन लिटरच्या पातेल्याला दोन चमचे खाण्याचा सोडा पुरतो. मंद आचेवर दहा मिनिटं उकळा आणि गॅस बंद करून तासभर तसंच ठेवा. सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात प्रथिनं फुगून सुटी होतात. पाणी तपकिरी झालं आणि पापुद्र्याच्या कडा उचलल्या गेल्या, की लाकडी उलथन्याने तो सोलल्यासारखा निघतो. कडा उचलल्या नसतील, तर जोर न लावता नवं पाणी, नवा सोडा घालून पुन्हा उकळा.

करपलेल्या भातालाही हीच रीत चालते. ॲल्युमिनियमच्या भांड्यात मात्र सोडा उकळू नका, ते काळं पडतं.