नळाची बिअर आणि दहा मिलिग्रॅमचा हिशेब

टोरांटोच्या डॉक्टरांनी आणि औषधतज्ज्ञांनी 1994 मध्ये बिअरचे 98 नमुने तपासले. त्यांना बिअरच्या चवीशी किंवा नशेशी कर्तव्य नव्हते. त्यांना हवे होते फक्त टायरामीन. फेनेल्झिन नावाची नैराश्यावरची गोळी घेणाऱ्या एका रुग्णाला बारमधली नळाची बिअर प्यायल्यावर रक्तदाबाचा झटका आला होता आणि त्याचे कारण शोधायचे होते. बाटलीतल्या बिअरमध्ये लिटरमागे जास्तीत जास्त तीन मिलिग्रॅमच्या आसपास टायरामीन निघाले. 98 पैकी चार नमुने मात्र धोक्याचे ठरले आणि ते चारही नळाच्या बिअरचे होते. त्यांत लिटरमागे 26 पासून जवळपास 113 मिलिग्रॅमपर्यंत टायरामीन होते. रुग्णाने प्यायलेली बिअर त्या चारांतलीच एक होती.

हे आकडे नेमके काय सांगतात, ते कळायला आधी गोळीची गोष्ट सांगावी लागेल.

टायरामीन आपल्या सगळ्यांच्याच पोटात जाते. टायरोसिन हा प्रथिनांतला एक घटक. जिवाणूंनी त्याचा एक तुकडा तोडला की टायरामीन तयार होते, म्हणून जे जे मुरते, आंबते किंवा शिळे होते, त्यात ते कमीअधिक सापडते. ते अंगी लागत नाही, कारण आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज, थोडक्यात एमएओ, नावाचे विकर पहाऱ्यावर असते. टायरामीन रक्तात पोचण्याआधीच ते त्याचा निकाल लावते. त्यामुळे निरोगी माणसाचा रक्तदाब जाणवण्याइतका चढवायला जेवणासोबत शेकडो मिलिग्रॅम टायरामीन लागते.

एमएओ रोधक औषधे हाच पहारा उठवतात. मेंदूतही हे विकर असते आणि सेरोटोनिन, नॉरएड्रेनॅलिन यांसारख्या संदेशवाहक रसायनांचा फडशा पाडत असते. ते थांबवले की ही रसायने टिकतात आणि नैराश्य हटायला मदत होते. हा गुण प्रथम ध्यानात आला तो क्षयरोगाच्या औषधामुळे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड दिलेले क्षयरुग्ण अचानक उत्साही दिसू लागले आणि पुढे त्याच धाग्यावरून नैराश्यावरची औषधे आली. फेनेल्झिन आणि ट्रॅनिलसायप्रोमिन ही त्यांतली दोन ठळक नावे. मेंदूतले विकर थांबवणारी ही गोळी आतड्यातले आणि यकृतातलेही थांबवते. तोंडावाटे घेतलेले औषध तेवढे मेंदूपुरतेच काम करील, असे होत नाही.

मग टायरामीन थेट रक्तात उतरते आणि रक्तवाहिन्यांभोवतीच्या मज्जातंतूंच्या टोकांत शिरते. तिथे पिशव्यांत साठवलेले नॉरएड्रेनॅलिन ते बाहेर ढकलते. गोळीमुळे हा साठाही नेहमीपेक्षा मोठा झालेला असतो. तो सगळा एकदम सुटला की रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. या गोळ्या घेणाऱ्यांत सहा-आठ मिलिग्रॅम टायरामीननेही दाब वाढू लागतो आणि दहा ते पंचवीस मिलिग्रॅममध्ये तो जिवावर बेतण्याइतका जाऊ शकतो.

हे लक्षात आले तेही चीजमुळे. 1960 च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात बॅरी ब्लॅकवेल हा तरुण डॉक्टर होता. ट्रॅनिलसायप्रोमिन घेणाऱ्यांना अचानक भयंकर डोकेदुखी होते, कुणाच्या मेंदूत रक्तस्रावही होतो, हे त्याने मांडले. ते वाचून नॉटिंगहॅमच्या एका औषधनिर्मात्याने कळवले, की आपल्या पत्नीला हा त्रास चीज खाल्ल्यावरच होतो. सुरुवातीला या गोष्टीची थट्टाच झाली. ब्लॅकवेलने स्वतः गोळ्या घेऊन चीज खाऊन पाहिले, तेव्हा त्याला काहीच झाले नाही. पुढे एका रुग्णावर हाच प्रयोग झाला आणि रक्तदाब डोळ्यांदेखत चढला. 1963 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्याच वर्षी चीजमधल्या टायरामीनकडेही बोट दाखवले गेले. 1964 मध्ये अमेरिकेत ट्रॅनिलसायप्रोमिन काही काळ बाजारातून काढले गेले आणि नंतर आहाराच्या पथ्यासह परत आले. ब्लॅकवेलला काही झाले नाही, याचे कारण सोपे आहे. प्रत्येक चीजमध्ये टायरामीन सारखे नसते. हीच चंचलता बिअरच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची आहे.

आता बिअरकडे वळू. बार्लीला मोड आणून केलेल्या माल्टमध्ये टायरोसिन असतेच. त्याचे टायरामीन करणे हे मुख्यतः यीस्टचे काम नव्हे. ते करतात लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू, लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकोकस या जातींचे. बिअरमधली हॉप्स बऱ्याच जिवाणूंना रोखतात, पण या दोघांतल्या काही जाती हॉप्सला पुरून उरतात. बिअर त्यांच्यासाठी आम्लधर्मी, कठीण जागा असते. टायरोसिनचा तुकडा तोडला की आजूबाजूचे आम्ल थोडे कमी होते आणि त्यांना तग धरता येतो. म्हणजे टायरामीन हा त्यांच्या जगण्याच्या खटपटीचा शिल्लक माल आहे. स्वच्छ टाकी आणि निकोप यीस्ट असेल, तर त्यांना संधी कमी मिळते. एकदा का ते शिरले, की पुढचा हिशेब त्यांच्या हाती जातो.

मोठ्या कारखान्यातली बाटली किंवा कॅन साधारणपणे गाळून, साठ अंशांच्या आसपास तापवून बंद केलेला असतो. झाकण लागल्यावर आत नव्याने काही घडण्याची शक्यता थोडी. नळाच्या बिअरची वाट वेगळी. ती पुष्कळदा न तापवता केगमध्ये भरली जाते. केगपासून नळापर्यंत ती लांब नळीतून येते आणि नळीच्या आतल्या बाजूला, सांध्यांच्या खाचांत जिवाणूंचा चिकट थर बसू शकतो. म्हणून चांगल्या बारमध्ये नळ्या दर दोन आठवड्यांनी रसायनाने धुतात. पण एवढ्याने हमी मिळत नाही, कारण टायरामीन कारखान्याच्या टाकीतच तयार झालेले असू शकते. नळी कितीही चकचकीत असली तरी ते ग्लासात येणारच. थंडाव्याने ते नाहीसे होत नाही, तापवूनही जात नाही. तापवल्याने जिवाणू मरतात, त्यांनी आधी करून ठेवलेले टायरामीन तसेच राहते.

टोरांटोच्या आकड्यांवरून एका संध्याकाळचा हिशेब करून पाहू. फेनेल्झिन घेणारा माणूस बाटलीतली अर्धा लिटर बिअर प्यायला. लिटरमागे तीन मिलिग्रॅम धरले, तर त्याच्या पोटात दीड मिलिग्रॅम टायरामीन गेले. दहाच्या रेषेपासून तो दूर आहे. तोच माणूस दुसऱ्या दिवशी नळाची अर्धा लिटर बिअर प्यायला आणि ती नेमकी सर्वांत वाईट नमुन्यासारखी निघाली. आता आत गेले छप्पन मिलिग्रॅम. दहाची रेषा त्याने साधारण नव्वद मिलिलिटरलाच, म्हणजे दोन-चार घोटांतच, ओलांडली होती. दोन्ही ग्लासांचा रंग, फेस, कडवटपणा सारखा असू शकतो. टायरामीनला ओळखू येईल अशी चव किंवा वास नाही. बिघडलेली बिअर कधी आंबट लागते किंवा तिला लोण्याचा वास येतो, पण तसे काही जाणवले नाही म्हणून ती निर्धोक ठरत नाही. काल त्याच बारमध्ये, त्याच नळाची बिअर पचली, हाही पुरावा नव्हे. आजचा केग वेगळा असू शकतो.

यातून एक सरळ गोष्ट निघते. इथे धोका दारूचा नाही, जिवाणूंचा आहे. 1988 मध्ये आयर्लंडच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये ट्रॅनिलसायप्रोमिन घेणाऱ्यांचा असाच अनुभव नोंदवला. त्यांनी प्यायली होती अल्कोहोल नसलेली बिअर. अल्कोहोल काढून टाकले म्हणून टायरामीन निघून जात नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. उकळून वाफ थंड करून काढलेल्या दारूत टायरामीन जवळजवळ येत नाही, कारण ते वाफेबरोबर उडत नाही. म्हणून गोव्याची फेणी या एका कारणापुरती वेगळ्या रांगेत बसते. याचा अर्थ ती नैराश्याच्या रुग्णाला चालते असा नव्हे. अल्कोहोलचे स्वतःचे दुष्परिणाम आहेतच.

आपल्याकडच्या ताडी-माडीला मात्र ही सवलत देता येत नाही. पहाटे उतरवलेली नीरा ऊन चढू लागले की हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टने आणि लॅक्टिक जिवाणूंनी आपोआप आंबू लागते. ती गाळलेली नसते, तापवलेली नसते, आणि दर मडक्याचा मामला वेगळा. बेल्जियमची लॅम्बिक बिअरही अशीच उघड्या हवेतल्या जिवाणूंवर आंबते आणि तिच्यात टायरामीन जास्त सापडल्याच्या नोंदी आहेत. मायक्रोब्रुअरीतली न गाळलेली बिअर आणि घरगुती कोंबुचा यांनाही या औषधांच्या रुग्णांनी नळाच्या बिअरच्याच रांगेत ठेवावे.

झटका आला तर कसा ओळखावा? तो साधारण पंधरा मिनिटांपासून दोन तासांत येतो. डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका सुरू होतो आणि पुढे सरकतो. मान ताठते, छाती धडधडते, घाम फुटतो, मळमळ-उलटी होते, नजर धूसर होते. ही ‘चढली’ असे समजून आडवे होण्याची वेळ नाही. बसते राहून रक्तदाब मोजावा आणि लगेच रुग्णालय गाठून एमएओ रोधक औषध चालू असल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे. कारण त्यावर उपचार ठरतात. रक्तवाहिन्या सैल करणारी फेंटोलामीनसारखी औषधे शिरेतून देतात. नुसते बीटा-ब्लॉकर दिले तर प्रकरण बिघडू शकते. पूर्वी जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडण्याची सवय होती. तिने दाब एकदम खाली कोसळतो, म्हणून ती आता मोडीत निघाली आहे.

ही औषधे आज क्वचितच, बाकीच्या गोळ्यांनी काम न झालेल्यांना दिली जातात. मोक्लोबेमाइड त्यातले सौम्य; ते विकराला कायमचे बांधून ठेवत नाही. फेनेल्झिन-ट्रॅनिलसायप्रोमिनने बांधलेले विकर नव्याने तयार व्हायला मात्र सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून गोळी बंद केल्यावरही पथ्य तितके दिवस पाळायचे असते. पार्टीसाठी एखाद्या दिवशी गोळी चुकवून काही साधत नाही. महाराष्ट्रात आणखी एक नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर दिले जाणारे लिनेझोलिड हेही सौम्य एमएओ रोधक आहे. त्याच्या सूचनेत एका जेवणात शंभर मिलिग्रॅमपेक्षा जास्त टायरामीन टाळा, असे असते.

टोरांटोच्या संशोधकांनी बाटलीच्या बिअरला मर्यादेत परवानगी दिली आणि नळाच्या बिअरला सरसकट नाही म्हटले. 98 मधल्या चारच धोक्याच्या होत्या, मग सगळ्या नळांवर बंदी का, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे कारण त्या चार नमुन्यांच्या ग्लासांवर कुठलीच खूण नव्हती. जो धोका मोजल्याशिवाय दिसत नाही आणि बारमध्ये मोजता येत नाही, तिथे नळापासून दूर राहणे एवढाच हिशेब रुग्णाच्या हाती उरतो.