रात्री दोन वाजता सिस्टरनं फोन कोणाला करायचा?

पंधरा खाटांच्या प्रसूतिगृहात स्टाफ नर्सच्या नेमणूकपत्रावर बहुधा पद, पगार आणि पाळी एवढंच असतं. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी ही पात्रता सगळ्यांना ठाऊक. कामाचं वर्णन मात्र तोंडीच, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास घ्या. बाळ जन्मल्यावर मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन, मग दर 15 मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशयाचा कडकपणा आणि रक्तस्राव पाहून वेळेसह नोंद, हे सिस्टरचं काम. कागदावर 'देखरेख ठेवणे' असं मोघम लिहिलं, की ही नोंद सकाळी एकदम भरली जाण्याची भीती. ओळीनं एकसारखे आकडे दिसले की ओळखावं.

समजा, रात्री दोन वाजता पॅड पाच मिनिटांतच चिंब झालं, गर्भाशय मऊ लागतंय. सिस्टरनं गर्भाशय चोळत मदतीला हाक मारायची आणि थेट डॉक्टरांना फोन लावायचा. इन्चार्ज सिस्टरला नंतर कळवलं तरी चालतं. रजा, पाळ्या, औषधांचा साठा यांसाठी ती इन्चार्जला उत्तर देते, उपचारांसाठी डॉक्टरांना. या दोन वाटा कागदावर वेगळ्या हव्यात. डॉक्टरांनी फोन उचलला नाही तर पुढचा नंबर कोणाचा, हेही हवं. आणि मावशी कितीही अनुभवी असल्या, तरी इंजेक्शन त्यांच्यावर सोपवता येत नाही.

रुजू होण्याआधी हा कागद सहीशिक्क्यानिशी मागून घ्या.