कप्प्यातली चिठ्ठी

बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. लग्नाच्या पंगतीत मात्र लांबच्या मावशी श्रीखंड वाढता वाढता 'पॅकेज किती रे?' विचारतात आणि आपण सांगूनही टाकतो. खरी गुप्तता असते ती शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसापासून. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवणारे दोघे एकमेकांच्या सासरच्या भानगडी जाणतात, पण महिन्याच्या शेवटी एकमेकांच्या खात्यात किती जमा होतात ते जाणत नाहीत. नियुक्तिपत्रात एक कलम असतं: तुमचं वेतन गोपनीय आहे, सहकाऱ्यांशी त्याची चर्चा करू नये. सही करताना ते कुणी वाचत नाही. आठवतं ते वेतनवाढीच्या दिवशी, साहेब आवाज खाली आणून 'हे आपल्यातच ठेवा' म्हणतात तेव्हा.

अशा गुप्ततेची किंमत काय, हे अमेरिकेतल्या एका खटल्यात आकड्यांनिशी दिसलं. लिली लेडबेटर 1979 साली अलाबामा राज्यातल्या गॅड्सडेन इथल्या गुडइयर टायर कारखान्यात रुजू झाली. पगाराबद्दल कुणाशी बोलायचं नाही, असं तिला बजावलं होतं, असं ती पुढे सांगत असे. सुमारे 19 वर्षं तिने तिथे काढली. निवृत्ती जवळ आली असताना कामावर तिच्या टपालाच्या कप्प्यात कुणीतरी एक निनावी चिठ्ठी टाकली. तिच्यासह तेच काम करणाऱ्या पुरुषांचे पगार त्या चिठ्ठीवर होते.

पुढे न्यायालयात आकडे आले. 1997 च्या अखेरीस त्या हुद्द्यावर ती एकटी बाई होती आणि तिच्या बरोबरीचे पुरुष 15. तिला महिन्याला 3,727 डॉलर मिळत. पुरुषांत सगळ्यात कमी पगार होता 4,286 आणि सगळ्यात जास्त 5,236. म्हणजे रांगेतल्या शेवटच्या पुरुषापेक्षाही तिला दरमहा 559 डॉलर कमी. हे एका दिवसात घडलेलं नव्हतं. दर वर्षीच्या वाढीत थोडं थोडं कमी पडत गेलं, आणि पुढची वाढ आदल्या पगारावर मोजली जात असल्याने तूटही वाढत गेली. निवृत्तिवेतन पगारावरच ठरणार, म्हणून ती तिथेही मागे राहिली.

ज्यूरीने तिच्या बाजूने कौल दिला. पण 2007 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरवला. पगारात भेदभाव झाला तर त्या निर्णयापासून 180 दिवसांत तक्रार करायला हवी, आणि ती मुदत कधीच टळली, असं बहुमताचं म्हणणं. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा साध्या माणसालाही पटेल असा होता: दुसऱ्याचा पगारच कळत नसेल तर आपल्यावर अन्याय होतोय हे 180 दिवसांत कळणार कसं? जानेवारी 2009 मध्ये ओबामांनी लेडबेटरच्या नावाच्या कायद्यावर सही केली. तेव्हापासून भेदभावाचा प्रत्येक पगार हाती पडला की मुदत नव्याने सुरू होते. लेडबेटरच्या स्वतःच्या हाती त्यातून काही पडलं नाही.

यातली गंमत म्हणा किंवा क्रूरपणा म्हणा, पगाराबद्दल बोलायचा हक्क तिथल्या कामगारांना त्याआधीच होता. 1935 च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याचं सातवं कलम कामगारांना एकत्र येऊन आपल्या कामाच्या अटी सुधारण्याचा हक्क देतं. पगार माहीत नसेल तर तो वाढवून कसा मागणार? म्हणून आपसात पगाराची चर्चा करणं त्या हक्कातच धरलं जातं. त्यासाठी युनियन असावी लागत नाही. खासगी कंपनीने 'पगार सांगू नका' असा नियम लेखी केला काय किंवा तोंडी दटावलं काय, दोन्ही बेकायदा. नोकरी गेली तर सहा महिन्यांत कामगार संबंध मंडळाकडे तक्रार करता येते आणि नोकरी व बुडालेला पगार परत मिळू शकतो.

पण हा हक्क पर्यवेक्षकांना नाही. 1947 च्या दुरुस्तीने त्यांना कायद्याबाहेर काढलं. शेतमजूर, घरकामगार आणि सरकारी नोकरही त्यात येत नाहीत. लेडबेटर ज्या पदावर होती ते पर्यवेक्षकाचं. त्यामुळे ज्या कायद्याने तिच्या हाताखालच्या कामगारांचं तोंड मोकळं केलं होतं, त्याच्या आडोशाला ती स्वतः उभी राहू शकली नसती.

आणखी एक मर्यादा लोक विसरतात. हक्क आहे तो स्वतःचा पगार सांगण्याचा, आणि दुसऱ्याने आपणहून सांगितलेला ऐकण्याचा. मनुष्यबळ किंवा लेखा विभागातला माणूस कामाचा भाग म्हणून सगळ्यांचे पगार पाहतो. तो ते तक्ते बाहेर वाटू लागला तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. कामाच्या वेळेत गप्पा नकोत, असंही मालक म्हणू शकतो, पण मग क्रिकेटच्या गप्पाही बंद हव्यात. फक्त पगाराच्या गप्पांना बंदी घातली की नियमाचा हेतू उघडा पडतो.

आपल्याकडे चित्र दुभंगलेलं आहे. सरकारी शिपायापासून सचिवापर्यंत कोण कोणत्या वेतनस्तरावर आहे हे कुणालाही पाहता येतं. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे सरकारी कार्यालयांनी अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन आपणहून जाहीर करायचं असतं. बँकांतल्या कारकुनांची श्रेणी युनियन आणि बँकांच्या करारात छापलेली असते. तिथे पगार विचारणं हे हवापाणी विचारण्यासारखं. खासगी कंपनीत मात्र पगार सांगण्याचा हक्क नाव घेऊन देणारं कलम कायद्यात नाही. सारख्या कामाला बाई आणि पुरुष असा भेद न करता वेतन द्यावं, हे 1976 च्या कायद्यात होतं आणि वेतन संहितेतही आहे. पण तो भेद सिद्ध करायला दुसऱ्याचा आकडा लागतो, आणि तो तर नियुक्तिपत्राने बंद केलेला. म्हणून इथे सल्ला सावधच द्यावा लागतो: कलम आधी वाचा, तोंडी बोला, आणि कंपनीच्या ईमेलवरून तक्ते फिरवू नका.

बोलायचं ठरलंच तर काय बोलायचं हेही कळायला हवं. एकाने सीटीसी सांगितला आणि दुसऱ्याने हातात पडणारा, की भांडण ठरलेलं. समजा दोघींचा सीटीसी 12 लाख आहे. एकीच्या आकड्यात कंपनीचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर अवलंबून असलेले दोन लाख धरलेले आहेत. दुसरीचे 12 लाख निव्वळ पगाराचे आहेत, बाकीचं वेगळं. आकडा एक, पण पहिलीच्या खात्यात महिन्याला बरेच कमी येतील, आणि बोनस बुडाला तर आणखी कमी. म्हणून मूळ वेतन, हमीचा भाग आणि कामगिरीचा भाग असे तीन आकडे विचारावेत, शिवाय किती वर्षांचा अनुभव आणि कोणती श्रेणी.

पुण्याहून अमेरिकेत गेलेल्या आमच्या एका भाच्याला हे कळलं ते पँट्रीत. कॉफीच्या यंत्राजवळ भिंतीवर एक कागद लावलेला. एच-1बी व्हिसावर माणूस आणायचा तर कंपनीला कामाच्या ठिकाणी, दिसेल अशा दोन जागी, दहा दिवस सूचना लावावी लागते किंवा ती संगणकावरून कळवावी लागते. त्यात नाव नसतं, पण काम आणि देऊ केलेला पगार असतो. असे अर्ज अमेरिकेचं श्रम खातं कंपनीच्या नावासकट जाहीरही करतं. भाच्याने तो कागद दोनदा वाचला. काम त्याच्याच टीममधलं होतं आणि पगार त्याच्यापेक्षा जास्त. कॉफी तशीच ठेवून तो शेजारच्या तेलुगू मित्राकडे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला पगार विचारला.