मेहुण्याचं कोटेशन आणि आचारसंहितेचं कलम

‘कर्मचाऱ्याने कंपनीच्या हितसंबंधांशी प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्षपणे विसंगत ठरणारे किंवा तसा आभास निर्माण करणारे कोणतेही वैयक्तिक, आर्थिक अथवा अन्य स्वरूपाचे संबंध टाळावेत आणि असे संबंध उद्भवल्यास ते योग्य अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणून द्यावेत.’

थोड्याफार फरकाने हे कलम बहुतेक कंपन्यांच्या आचारसंहितेत सापडतं. नोकरीवर रुजू होताना सह्या करायच्या कागदांच्या गठ्ठ्यात ते असतं. त्यावर सही होते आणि कागद फायलीत जातो. वकिलाच्या नजरेने पाहिलं तर त्यात काही चूक नाही. सगळे संबंध त्यात येतात, एकही निसटत नाही. पण ज्याने ते पाळायचं, त्याला त्यातून काय कळतं?

समजा, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. भाग चेन्नईला पाठवायला पुठ्ठ्याचे पाच प्लायचे खोके लागतात. खरेदी विभागातल्या माणसाने तीन कोटेशनं मागवली. एका खोक्याला ४५ रुपये, साडेत्रेचाळीस आणि ४२. बेचाळीसवाला त्याच्या बायकोचा भाऊ. ऑर्डर त्यालाच गेली.

कलम मोडलं का? त्या माणसाला विचारलं तर तो मनापासून नाही म्हणेल. दर सगळ्यांत कमी, माल चांगला, कंपनीचे पैसे वाचले, मग विसंगत काय झालं? तो खोटं बोलत नाही. त्याने कलम वाचलं आणि स्वतःच्या मनात डोकावून पाहिलं, तिथे त्याला लबाडी दिसली नाही. जुन्या शब्दांचा खरा दोष इथे आहे. ते माणसाला स्वतःच्या हेतूची तपासणी करायला लावतात आणि त्या तपासणीत जवळपास प्रत्येक जण पास होतो. हितसंघर्ष मात्र हेतूवर ठरत नाही. तो माणूस कुठल्या जागी बसला आहे आणि समोर कोण आहे, यावर ठरतो. ऑर्डर देण्याआधीच, काहीही वावगं घडण्याआधीच तो असतो.

पुढचे सहा महिने पाहू. खोक्याचा कागद हलका यायला लागतो. चेन्नईहून फोन येतो की तळाचे खोके दबताहेत. तक्रार खरेदी विभागाकडे येते. तिसऱ्या कुणाचा माल असता तर त्याच दिवशी डेबिट नोट निघाली असती. इथे फोन होतो, ‘जरा लक्ष दे बाबा.’ बाकी व्हेंडरना बिलाचे पैसे ६० दिवसांनी मिळतात, याचं बिल पंचेचाळिसाव्या दिवशी सुटतं. उरलेल्या दोन व्हेंडरना नातं कळलेलं असतं. पुढच्या वर्षी ते कोटेशन देतात, पण पेन्सिल न झिजवता, अंदाजाने. आता बेचाळीसचे सत्तेचाळीस झाले तरी तोच दर सगळ्यांत कमी ठरतो. पहिल्या ऑर्डरच्या दरात नसलेलं नुकसान असं तपासणीत, बिलात आणि स्पर्धेत शिरतं, आणि त्यातल्या कुठल्याच टप्प्यावर कुणी लाच घेतलेली नसते.

अनेक कंपन्या इथे कायद्याची व्याख्या उचलून कलमात टाकतात. त्यानेही हा माणूस सापडत नाही. २०१३च्या कंपनी कायद्यात ‘नातेवाईक’ कोण हे ठरवून दिलं आहे. पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंबातले सदस्य, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ आणि बहीण. बायकोचा भाऊ त्यात नाही. साडू, भाचा, चुलतभाऊ, आतेभाऊही नाहीत. ही यादी प्रामुख्याने संचालकांच्या आणि कंपन्यांमधल्या व्यवहारांसाठी आहे. त्याच कायद्याच्या कलम १८४नुसार संचालकाने दर आर्थिक वर्षातल्या पहिल्या बैठकीत आपले हितसंबंध जाहीर करायचे असतात. खरेदी विभागातल्या किंवा गोदामातल्या माणसासाठी ती यादी केलेलीच नाही. आपल्याकडे धंदा मात्र मेहुण्या-भाच्यांच्या भरवशावर उभा राहतो, हे कोणत्याही एमआयडीसीत दिसेल.

तेव्हा कलम नव्याने लिहायचं तर शब्दकोश बाजूला ठेवून आधी कारखान्यात फिरावं. खरेदी, गोदाम, गुणवत्ता तपासणी, एचआर, भंगार, वाहतूक, या जागांवरच्या लोकांना एकच विचारावं, ‘कधी असं झालंय का, की हे करावं की नाही ते कळेना?’ नावं न घेता सांगायला सांगितलं की माणसं बोलतात. त्यातून जे येतं तोच नव्या कलमाचा कच्चा माल. साहेबांच्या केबिनमध्ये बसून सुचलेली उदाहरणं बहुधा ‘व्हेंडरकडून पाकीट घेऊ नका’ अशा थाटाची असतात. पाकीट घेणं चूक आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्या प्रसंगाचं उत्तर आधीच माहीत आहे, तो लिहून कागदच भरतो. उदाहरण हवं ते काठावरचं.

नव्या कलमाची सुरुवात अशी करता येईल.

‘तुमच्या कामातल्या एखाद्या निर्णयाने तुमचा, घरच्यांचा, कुठल्याही नात्यातल्या माणसाचा, जवळच्या मित्राचा किंवा तुमची पैशांची देवाणघेवाण असलेल्या माणसाचा फायदा-तोटा होऊ शकत असेल, तर तो निर्णय तुम्ही घ्यायचा नाही. आधी लेखी कळवायचं. दर कमी आहे, माल चांगला आहे, माझा हेतू स्वच्छ आहे, ही न कळवण्याची कारणं होत नाहीत. कळवणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे.’

आणि त्याखाली उदाहरणं.

‘तुम्ही खरेदी विभागात आहात. तुमच्या मेहुण्याचं कोटेशन आलं आहे आणि तेच सगळ्यांत कमी आहे. कळवा. त्याला ऑर्डर मिळू शकते, पण कोटेशनांची तुलना, ऑर्डर, मालाच्या तक्रारी आणि बिल मंजूर करणं ही कामं दुसरा अधिकारी करील.’

‘तुम्ही आलेला माल तपासता. तुमच्या भावाच्या वर्कशॉपमधून जॉबवर्क होऊन भाग येतात. ऑर्डर तुम्ही दिलेली नाही. तरीही कळवा. माल पास किंवा नापास करणं हाही निर्णय आहे.’

‘तुमच्या भाचीने आपल्या कंपनीत अर्ज केला आहे. तिने अर्ज करायला हरकत नाही. तुम्ही मुलाखतीला बसायचं नाही, निवड समितीतल्या कुणाला फोन करायचा नाही आणि ती रुजू झाली तर तिची वेतनवाढ तुमच्या हातात असणार नाही.’

‘शेअर बाजारात नोंदलेल्या एका मोठ्या पोलाद कंपनीचे १०० शेअर तुमच्याकडे आहेत आणि आपण तिच्याकडून पत्रा घेतो. कळवायची गरज नाही. आपल्या खरेदीने त्या शेअरचा भाव हलत नाही.’

चौथं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘हे चालतं’ असं सांगणारं उदाहरण नसेल, तर भित्रा माणूस प्रत्येक गोष्ट कळवत बसतो आणि धीट माणूस काहीच कळवत नाही. रेषा कुठे आहे हे कळायला तिच्या दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात. प्रत्येक उदाहरणात कारणही एका वाक्यात हवं. ‘पास-नापास करणं हाही निर्णय आहे’ हे वाचल्यावर वजनकाट्यावरचा आणि गेटवरचा माणूसही आपल्या कामाकडे वेगळ्या नजरेने पाहतो, जरी त्याचं उदाहरण कलमात नसलं तरी.

पहिल्या उदाहरणात कामांची फोड केली आहे, तीही मुद्दाम. ‘निर्णयप्रक्रियेतून दूर राहावे’ एवढंच लिहिलं तर माणूस ऑर्डरवर सही करत नाही, पण तक्रारीचा फोन तोच घेतो आणि बिलाची आठवणही तोच करून देतो. आपल्या खोक्यांच्या गोष्टीत नुकसान नेमकं तिथेच झालं होतं.

‘योग्य अधिकारी’ हा शब्दही काढायला हवा. कुणाला कळवायचं त्याचं पद लिहावं, आणि तोच साहेब गुंतलेला असेल तर दुसरं पद. लेखी उत्तर किती दिवसांत मिळेल, तेही लिहावं. सात दिवस पुरेसे आहेत. उत्तर येईपर्यंत त्या कामाला हात लावायचा नाही. अनेकदा लोक कळवतात, कुणी उत्तर देत नाही, काम अडतं आणि शेवटी माणूस स्वतःच सही करून मोकळा होतो. पुढे प्रकरण निघालं की ‘मी तर सांगितलं होतं’ विरुद्ध ‘मला आठवत नाही’ असा सामना रंगतो.

उदाहरणांना एक धोका आहेच. माझा प्रसंग यादीत नाही म्हणजे तो चालतो, असं म्हणणारा कुणीतरी निघतो. म्हणून वरचं सर्वसाधारण वाक्य काढून टाकायचं नाही आणि उदाहरणांआधी स्पष्ट लिहायचं की नियम वरचा आहे, ही त्याची फक्त काही रूपं आहेत. दुसरा धोका जास्त गंभीर आहे. सगळी उदाहरणं खालच्या लोकांची आणि वरच्यांना सूट. अमेरिकेतल्या एन्रॉनची आचारसंहिता ६४ पानांची होती. तरी १९९९ मध्ये तिथल्या संचालक मंडळाने मुख्य वित्त अधिकारी अँड्र्यू फास्टो यांना त्याच संहितेतून सूट देऊन एन्रॉनशी व्यवहार करणाऱ्या भागीदारी संस्था चालवू दिल्या. २००१च्या डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्या वर्षी तिथे आलेल्या सारबेन्स-ऑक्सली कायद्यात, वरिष्ठ वित्त अधिकाऱ्यांना आचारसंहितेतून सूट दिली तर ती जाहीर करण्याची तरतूद करावी लागली. म्हणून आपल्या कलमात एक उदाहरण व्यवस्थापकीय संचालकांचंही हवं. त्यांच्या मुलीचा फ्लॅट कंपनीला गेस्ट हाऊस म्हणून भाड्याने घ्यायचा असेल, तर भाडं कोण ठरवणार आणि कुणासमोर मांडणार, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असावं.

मसुदा झाला की तो वकिलाकडे जाण्याआधी एक चाचणी घ्यावी. कलमात नसलेले चार-पाच प्रसंग लिहून वेगवेगळ्या विभागांतल्या दहा-बारा जणांना द्यावेत आणि प्रत्येकाने एकट्याने उत्तर लिहावं, ‘कळवायचं की नाही, आणि का.’ कलम नीट असेल तर उत्तरं जुळतात. ती दुभंगली तर लोकांना दोष देऊ नये, कलमात तिथे भोक आहे असं समजावं. नात्यांच्या प्रसंगांवर उत्तरं सहसा जुळतात. उसन्या पैशांवर मात्र माणसं घुटमळतात, कारण उसनवारी ही खाजगी बाब आहे आणि ती ऑफिसात सांगायची लाज वाटते. तेव्हा आणखी एक उदाहरण लिहावं लागतं, आणि त्यात त्या लाजेचाही विचार करावा लागतो.

‘तुम्ही भंगाराच्या वजनाची नोंद करता. भंगार उचलणाऱ्या ठेकेदाराकडून तुम्ही घरासाठी पैसे उसने घेतले आहेत आणि ते अजून फिटलेले नाहीत. कळवा. रक्कम किंवा कारण सांगायची गरज नाही, “आमच्यात देणंघेणं आहे” एवढं पुरे. पैसे फिटेपर्यंत त्याच्या गाडीच्या वेळी काट्यावर दुसरा माणूस असेल. तुमचा पगार, पद आणि पाळी बदलणार नाही.’