नफ्यातला आठवडा, तोट्याचं पत्र

स्वतःच्या पैशाने शेअर बाजारात नियमित सौदे करणाऱ्यांमध्ये एक चांगली रीत आहे. शनिवारी बाजार बंद असताना निवांत बसायचं आणि आपल्याहून अनुभवी माणसाला आठवड्याचं पत्र लिहायचं. काय झालं, कुठे चुकलं, पुढच्या आठवड्यात काय करणार, एवढंच. पत्र दीड-दोन पानांचं असतं, पण ते खरं लिहिणं अवघड जातं. त्याचं कारण असं की बाजारातला नफा-तोटा आणि आपली चूक या दोन गोष्टी एकमेकींना धरून चालत नाहीत.

एक आठवडा मांडून पाहू. समजा, एका तरुणाचं भांडवल 5 लाख रुपये आहे. तो शेअर विकत घेऊन काही दिवस ठेवतो आणि विकतो. त्याचा नियम असा की एका सौद्यात भांडवलाच्या अर्ध्या टक्क्याहून, म्हणजे 2,500 रुपयांहून जास्त गमवायचं नाही. त्यामुळे किती शेअर घ्यायचे हे स्टॉपलॉस ठरवतो. सिमेंट कंपनीचा शेअर 420 ला घेतला आणि 400 ला बाहेर पडायचं ठरवलं, तर एका शेअरमागे जोखीम 20 रुपये. 2,500 ला 20 ने भागलं की 125 शेअर. या 2,500 रुपयांना ट्रेडर मंडळी ‘एक आर’ म्हणतात. अमेरिकेतले प्रशिक्षक व्हॅन थार्प यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. प्रत्येक सौदा या एकाच मापाने मोजला की शेअर 90 रुपयांचा असो वा 9,000 चा, तुलना करता येते.

आता त्याचं पत्र पाहा.

“आदरणीय सर, सादर नमस्कार. या आठवड्यात चार सौदे पूर्ण झाले. सिमेंटचा शेअर 456 ला विकला, 4,500 रुपये नफा. बँकेचा 250 ला घेतला होता, 240 चा स्टॉपलॉस लागला, 2,500 तोटा. औषध कंपनीचे 50 शेअर 1,150 ला घेतले होते, ते 1,190 ला विकले, 2,000 नफा. चौथ्या सौद्यात 1,200 तोटा झाला. एकूण 2,800 रुपये नफा. कर आणि इतर खर्च सुमारे 500 रुपये वजा जाता 2,300 हाती राहिले. आठवडा बरा गेला.”

पत्र इथेच संपलं असतं, तर त्याचा काही उपयोग नव्हता. हे सगळं ब्रोकरच्या ॲपवरही दिसतं. सरांनी उलट दोनच प्रश्न विचारले. औषध कंपनीचा स्टॉपलॉस किती होता, आणि चौथा सौदा सोमवारच्या यादीत होता का?

मग दुसरं पत्र आलं. “औषध कंपनीचा स्टॉपलॉस 1,100 होता. बुधवारी भाव घसरू लागला, तेव्हा मी ऑर्डर रद्द केली. भाव 1,092 पर्यंत गेला आणि तिथून उलटला. चौथा सौदा यादीत नव्हता. गुरुवारी तीननंतर एका ग्रुपवर मेसेज आला म्हणून 96 रुपयांना 300 शेअर घेतले. स्टॉपलॉस ठरवलाच नव्हता. शुक्रवारी 92 ला विकले.”

आता हाच आठवडा नियमाप्रमाणे मोजू. सिमेंटचे 4,500 खरे. बँकेचा 2,500 तोटाही खरा, आणि ती चूक मुळीच नाही. ठरवलेल्या जागी तो बाहेर पडला, हे उत्तम काम झालं. औषध कंपनीत नियम पाळला असता तर 2,000 नफ्याऐवजी 2,500 तोटा झाला असता. चौथा सौदा झालाच नसता. बेरीज होते 500 रुपये तोटा. खात्यात 2,800 नफा, नियमाने 500 तोटा. या दोन रकमा शेजारी-शेजारी लिहिणं हाच या पत्राचा गाभा आहे.

आठवड्यातली सर्वांत मोठी चूक औषध कंपनीच्या सौद्यात झाली, आणि नेमकी तीच नफ्याच्या रकान्यात बसली होती. चौथ्या सौद्यात पैसे गेल्यामुळे तो आपोआप आठवणीत राहील. पण स्टॉपलॉस काढून टाकल्यावर भाव वर आला की मनाला नको तो धडा मिळतो. पुढच्या वेळी तो पुन्हा थांबेल, आणि भाव वर न येता 900 वर गेला तर 50 शेअरवर 12,500 रुपये जातील. एका सौद्यात पाच ‘आर’!

अनुभवी मार्गदर्शक एका आठवड्याच्या निकालाला फार किंमत देत नाही. एखाद्याची पद्धत शंभरात चाळीस वेळा बरोबर ठरते आणि बरोबर ठरली की जास्त मिळवून देते असं धरा. तरीही चार सौदे सलग तोट्यात जाण्याची शक्यता 13 टक्के असते, म्हणजे साधारण आठातला एक आठवडा. अशा आठवड्यानंतर पद्धत बदलणारा माणूस कोणतीच पद्धत पुरती तपासत नाही. चुकांचं तसं नाही. त्या एका आठवड्यातही स्वच्छ दिसतात.

पत्रात फसवणूक कुठे शिरते, तर कारणांत. सौदा झाल्यावर सुचलेलं कारण आधीच ठरलं होतं असं माणसाला मनापासून वाटतं. म्हणून खरेदीपूर्वी दोन ओळींची नोंद वेळेसह लिहायची आणि पत्राला जोडायची. ब्रोकरकडून येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर ऑर्डरची आणि सौद्याची वेळ छापलेली असते. नोंद त्याआधीची आहे की नंतरची, हे लगेच कळतं. परदेशी संस्थांची विक्री, अमेरिकेतले व्याजदर अशा बातम्यांनीच पत्र भरलं असेल, तर लिहिणारा स्वतःच्या सौद्यांपासून दूर पळतोय असं समजावं.

पुढच्या आठवड्याच्या योजनेत एकच बदल असावा. आपल्या तरुणाने लिहिलं, “खरेदी होताच स्टॉपलॉसची जीटीटी ऑर्डर लावीन. ती वर सरकवीन, खाली कधीच नाही.” यावर सरांनी एक अडचण दाखवली. समजा, ट्रिगर 1,100 आणि विक्रीची मर्यादा 1,095 आहे. सकाळी सव्वानऊला शेअर 1,080 लाच उघडला, तर ऑर्डर जाईल पण त्या भावाला घेणारा मिळणार नाही आणि शेअर हातातच राहील. म्हणून योजनेत आणखी एक वाक्य आलं: “गॅप डाउन उघडला आणि ऑर्डर अडकली, तर साडेनऊपर्यंत मिळेल त्या भावाला विकीन.” ‘शिस्त पाळेन’ असं कितीही वेळा लिहिलं तरी पुढच्या शनिवारी ते तपासता येत नाही. हे वाक्य तपासता येतं.

मार्गदर्शक निवडताना मात्र सावध राहा. सेबीच्या 2024 च्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात असल्याचं आढळलं. हरलेल्या माणसाला गुरू हवा असतो आणि त्याचा फायदा घेणारे पुष्कळ आहेत. तुमच्या पत्राचं उत्तर प्रश्नांऐवजी ‘अमुक शेअर घ्या’ असं येऊ लागलं आणि त्यासाठी पैसे मागितले गेले, तर त्या व्यक्तीची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर आधी तपासा. ठरावीक परताव्याची हमी देणाऱ्याला किंवा खात्याचा पासवर्ड मागणाऱ्याला पुढचं पत्र पाठवू नका.