दूध उतू का जातं?

हायवेला फाटा फुटतो तिथल्या टपरीवर संध्याकाळी हमखास गर्दी असते. शाळा सुटली की टपरीवाल्याचा मुलगा तिथेच येऊन बसतो आणि दुधावर नजर ठेवायचं काम त्याच्याकडे येतं. त्या दिवशी तो नजर ठेवूनच होता. दूध पाच-सात मिनिटं निपचित पडून होतं. एक एसटी थांबली, त्यानं मान वळवली, आणि शेगडीवर फस्सकन आवाज झाला.

"आबा, मी आत्ताच बघितलं होतं!"

"बघून काय उपयोग? डाव फिरवायचा असतो."

मुलाला कोडं वेगळंच पडलं होतं. शेजारच्या किटलीतलं पाणी खळाखळा उकळत होतं, पण काठाबाहेर येत नव्हतं. मग दुधालाच काय झालं?

दूध संघाच्या शीतकरण केंद्रात फॅट तपासणाऱ्या एक ताई तिथे रोज चहाला थांबतात. त्याने त्यांना विचारलं.

"तुला काय वाटतं?" ताईंनी उलट विचारलं.

"साय वाफ अडवते."

"मग उद्या साय काढत राहा आणि बघ."

दुसऱ्या दिवशी त्याने चमच्याने साय अलगद बाजूला केली, पुन्हा धरली तर पुन्हा काढली. दूध तरीही वर आलं. थोडं उशिरा, पण आलंच. सायीवर सगळा दोष टाकणारं उत्तर आपण सगळेच देतो. ते निम्मंच खरं आहे.

"दुधात बहुतेक पाणीच असतं, शंभरात पंच्याऐंशीच्या आसपास," ताई म्हणाल्या. "बुडाशी त्याची वाफ होते, बुडबुडे वर येतात. नुसत्या पाण्यातला बुडबुडा वर येऊन लगेच फुटतो. दुधात प्रथिनं असतात. ती बुडबुड्याभोवती पातळ पडदा धरतात, साबणाच्या फेसासारखा. तो चटकन फुटत नाही. खालून नवे बुडबुडे येतच राहतात आणि फेस चढत जातो."

"म्हणजे फॅटमुळे नाही?"

"नाही. आमच्याकडचं फॅट काढलेलं दूधही उतू जातं. स्निग्धांश उलट फेस थोडा मोडतोच."

साय मात्र भर घालते. दूध तापू लागलं की वरच्या थरातलं पाणी उडून जातं, तिथे प्रथिनं आणि स्निग्धांश दाट होतात. सत्तर अंशांच्या पुढे दुधातली काही प्रथिनं उष्णतेनं उलगडून एकमेकांना चिकटू लागतात, त्यामुळे ही कातडी आणखी घट्ट होते. तिच्याखाली वाफ साचते आणि ती साय-फेसासकट वर उचलली जाते.

राहिला "अचानक"चा प्रश्न. मुलाला तोच सगळ्यात जास्त छळत होता.

दूध पुरतं तापलेलं नसतं तेव्हा बुडाशी झालेली वाफ वरच्या गार दुधात शिरते आणि तिथेच पुन्हा पाणी होते. म्हणून वरून काही घडताना दिसत नाही. सगळं दूध शंभर अंशांपर्यंत पोचलं की वाफ जिरायला जागा उरत नाही, ती सगळी वर येते. आणि ती केवढी होते? एक चहाचा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर पाणी, पूर्ण वाफ झालं तर आठ लिटरांहून जास्त जागा व्यापतं. तीन लिटरांच्या पातेल्यात दोन लिटर दूध असेल, तर वर जागा एकाच लिटरची. तेवढी वाफ व्हायला चमचाभरही पाणी लागत नाही. त्यातली थोडी वाफ निसटते हे खरं, पण पातेलं ओसंडायला दोन-चार सेकंद पुरतात.

गॅस बंद करूनही दूध क्षणभर वर चढतच राहतं, कारण तापलेलं जाड बूड वाफ करतच असतं. अशा वेळी पातेलं शेगडीवरून उचलावं. गार पाण्याचा हबका मारला किंवा फुंकर घातली तरी फेस खाली बसतो, कारण बुडबुड्यांतली वाफ थंड होऊन आटते. आडवा ठेवलेला लाकडी चमचाही बुडबुडे फोडतो, पण तो तापला आणि ओला झाला की फारसा कामाचा राहत नाही. दुधात पाणी घालूनही सुटका नाही, प्रथिनं असतातच. डाव फिरवत राहण्यानं साय मोडते आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरते, म्हणून आबांचा उपाय खरा.

मुलाने यातून स्वतःची एक खूण शोधली आहे. काठाशी बारीक बुडबुड्यांची कडी धरते, मग मधली साय फुगून वर येऊ लागते. त्या क्षणी तो आच कमी करतो आणि डाव हातात घेतो. घरी करून पाहायचं असेल तर पातेलं निम्मंच भरा, आणि ही कडी दिसली की फोन उचलू नका.