तारीख आणि वय जुळतं तेव्हा

जन्मतारखेचा आकडा आणि पूर्ण झालेलं वय एकच येतं तो वाढदिवस म्हणजे ‘गोल्डन बर्थडे’. ७ तारखेला जन्मलेल्या मुलीला सात वर्षं पूर्ण होतात तो तिचा गोल्डन बर्थडे, तर ३० तारखेला जन्मलेल्याला त्यासाठी तिसाव्या वाढदिवसापर्यंत थांबावं लागतं. ही कल्पना मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातली. तिथे तिला ‘शॅम्पेन बर्थडे’ असंही म्हणतात. सोनेरी सजावट आणि वयाइतक्या भेटवस्तू ही त्या दिवसाची नेहमीची रीत. पन्नास वर्षांच्या सुवर्णमहोत्सवाशी याचा काही संबंध नाही. महिन्यात जास्तीत जास्त ३१ दिवस असल्याने एकतिशी ओलांडल्यावर हा दिवस कोणाच्याच वाट्याला येत नाही.

तो शोधण्यासाठी एक बेरीज पुरते: जन्मवर्षात जन्मतारखेचा आकडा मिळवायचा. महिना कोणताही असो, हिशेबात त्याला जागा नाही, कारण वाढदिवसाच्या दिवशीचं वय म्हणजे चालू सालातून जन्मसाल वजा केल्यावर उरणारा आकडा. सचिन तेंडुलकरचा जन्म २४ एप्रिल १९७३चा. १९७३ अधिक २४ म्हणजे १९९७. त्या वर्षी २४ एप्रिलला तो २४ वर्षांचा झाला. तेव्हा तो भारतीय संघाचा कर्णधार होता.

मराठी घरांत इथे एक घोटाळा हमखास होऊ शकतो. आपल्याकडे वय दोन तऱ्हांनी सांगतात. १९९७च्या त्या दिवशी सचिनला ‘चोविसावं पूर्ण झालं’ हे जितकं खरं, तितकंच ‘पंचविसावं लागलं’ हेही खरं. हिशेबात पूर्ण झालेलं वयच धरायचं. लागलेलं वर्ष धरलं, तर उत्तर एक वर्ष आधीचं येतं.

दुसरी अडचण तारखेचीच. महाराष्ट्रात मागच्या पिढ्यांतल्या असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणाला ठाऊक नसली, की गुरुजी हीच तारीख लावून देत. त्या तारखेवर हिशेब केला, तर गोल्डन बर्थडे पहिल्याच वर्षी होऊन गेला असं उत्तर मिळतं, आणि ते अर्थातच निरर्थक आहे. घरात जुनी पत्रिका किंवा जन्माची नोंद असेल, तर तीच प्रमाण मानावी.

ज्यांचा हा दिवस मागे पडला, त्यांच्यासाठी हौशी लोकांनी पुढची सोय केली आहे: वय तारखेच्या दुप्पट झालं की ‘डबल गोल्डन’, तिप्पट झालं की ‘ट्रिपल’. पुढचा असा दिवस काढायचा, तर आजच्या पूर्ण वयाला जन्मतारखेने भागावं, बाकी सोडून द्यावी, भागाकारात एक मिळवावा आणि येणाऱ्या आकड्याला पुन्हा तारखेने गुणावं. सचिनला २४ एप्रिल २०२६ रोजी ५३ वर्षं पूर्ण होतात. ५३ला २४ने भागलं की भागाकार २ येतो. त्यात एक मिळवून ३, आणि ३ गुणिले २४ म्हणजे ७२. ते वय १९७३मध्ये मिळवलं की २०४५ साल येतं. लहान मुलाचं वय तारखेपेक्षा कमी असेल, तर भागाकार शून्य येतो आणि उत्तर आपोआप पहिल्याच गोल्डन बर्थडेचं मिळतं. मात्र तारीख ३ किंवा ४ असेल, तर असे दिवस इतक्या वेळा येतात की त्यांचं अप्रूप उरत नाही. अशांनी पहिलाच खरा मानावा हे बरं.

सगळ्यात चमत्कारिक अवस्था २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांची. लीप वर्षाचा आकडा नेहमी सम असतो. त्यात २९ मिळवले की विषम साल येतं, आणि विषम साल कधीच लीप नसतं. त्यामुळे या लोकांचा गोल्डन बर्थडे ज्या वर्षी यायचा, त्या वर्षी ती तारीखच कॅलेंडरमध्ये नसते. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६चा. त्यांना २९ वर्षं पूर्ण झाली १९२५मध्ये, आणि त्या वर्षीचा फेब्रुवारी २८ दिवसांचा होता. दुप्पट वय, म्हणजे ५८, झालं १९५४मध्ये. तेव्हा ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, पण तेही लीप वर्ष नव्हतं. तिप्पट, म्हणजे ८७, आलं १९८३मध्ये, पुन्हा विषम साली. तारीख आणि वय दोन्ही साधायला चौपट, म्हणजे ११६ वर्षं लागली असती. मोरारजी १९९५मध्ये, शंभरीला एक वर्षही उरलं नसताना गेले. १९०० हे लीप वर्ष नसल्याने त्यांच्या जन्मानंतरची पहिली २९ फेब्रुवारी १९०४ची होती, आणि त्या तारखेचे एकूण २३ वाढदिवस त्यांना मिळाले.